टिंबापुढचे रुपये

‘१.०५ कोटी’ आणि ‘१.५ कोटी’ या दोन रकमांत ४५ लाख रुपयांचा फरक आहे. कागदावर तो एका शून्यापुरता दिसतो. बोलताना तर तेवढाही दिसत नाही, कारण दोन्ही रकमा घाईत ‘एक पॉइंट पाच’ अशाच उच्चारल्या जातात. फ्लॅटच्या जाहिराती, पतसंस्थेचा अहवाल, अर्थसंकल्पाची बातमी, भाड्याच्या घरासाठी आलेला मेसेज, सगळीकडे रकमा आता अशाच आखडून लिहिल्या जातात: `1.05 Cr`, `92.5L`, `22.5k`. वाचायला ते सोपे जाते आणि जागाही वाचते. पण पैसे द्यायची वेळ आली, की रक्कम पूर्ण रुपयांत मांडावी लागते. धनादेशावर ‘१.०५ कोटी’ असे लिहून चालत नाही. तेव्हा टिंबापुढच्या प्रत्येक अंकाचे नेमके किती रुपये होतात, हे ठाऊक असावे लागते.

शाळेत आपण हे गुणाकाराने शिकलो. लाख म्हणजे १,००,००० ने गुणा, कोटी म्हणजे १,००,००,००० ने गुणा, आणि ‘के’ असेल तर हजाराने. नियम बरोबर आहे, पण सात शून्ये मोजताना एखादे शून्य हमखास जास्त किंवा कमी पडते. त्यापेक्षा चांगली वाट आपल्या अंकलेखनातच आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

आपण मोठी संख्या लिहिताना स्वल्पविराम कुठे देतो, ते पाहा. उजवीकडून आधी तीन अंक सोडतो, मग दोन-दोन अंकांचे गट करतो: १,०५,००,०००. तीन अंकांच्या डावीकडचा स्वल्पविराम हजाराची सीमा दाखवतो, त्याच्या डावीकडचा लाखाची, आणि त्याच्याही डावीकडचा कोटीची. आता ‘१.०५ कोटी’मधले टिंब काय सांगते? डावीकडे पूर्ण कोटी, उजवीकडे कोटीहून कमी असलेला भाग. म्हणजे टिंबही कोटीची सीमाच दाखवते. पूर्ण संख्येत कोटीचा स्वल्पविराम जिथे येतो, नेमके तिथेच ते बसलेले असते. तेव्हा टिंब पुसून तिथे स्वल्पविराम द्यायचा आणि पुढे कमी पडणाऱ्या जागा शून्यांनी भरायच्या. एवढे केले की काम झाले.

किती जागा भरायच्या, हे एककावर ठरते. कोटीला टिंबापुढे सात अंक लागतात, लाखाला पाच, आणि ‘के’ला तीन. ‘१.०५ कोटी’त टिंबापुढे ०५ हे दोन अंक आहेतच, म्हणून आणखी पाच शून्ये: १,०५,००,०००. ‘२.३५ लाख’मध्ये दोन अंक आहेत, आणखी तीन शून्ये: २,३५,०००. ‘२२.५ के’मध्ये एक अंक आहे, आणखी दोन शून्ये: २२,५००. तिन्हीकडे टिंबाच्या जागी स्वल्पविराम आला. हा योगायोग नव्हे. हजार, लाख आणि कोटी याच सीमांवर आपण स्वल्पविराम देतो, आणि आखडून लिहायला एककेही तीच वापरतो.

यातून आणखी एक सोय मिळते. शंभर लाखांचा एक कोटी होतो आणि शंभर हजारांचा एक लाख. म्हणून कोटीच्या टिंबापुढची पहिली जोडी थेट लाख सांगते, दुसरी जोडी हजार सांगते. ‘१.०५७५ कोटी’ वाचायला गुणाकार लागत नाही. एक कोटी, ०५ लाख, ७५ हजार: १,०५,७५,०००. लाखाच्या बाबतीत पहिली जोडी हजारांची, आणि पुढचे तीन अंक शेकडा, दशक, एकक. ‘२.३५४७५ लाख’ म्हणजे दोन लाख, पस्तीस हजार, चारशे पंचाहत्तर. लाखाच्या टिंबापुढे पाचाहून अधिक अंक असतील, तर सहावा आणि सातवा अंक पैशांचे असतात.

टिंबाच्या डावीकडे शून्य असले, तरी रीत बदलत नाही. ‘०.९६ कोटी’चे आधी ०,९६,००,००० होते, आणि सुरुवातीचे शून्य काढले की ९६,००,००० उरतात. डावीकडे दोनाहून अधिक अंक असतील, तर त्या भागात आपले नेहमीचे स्वल्पविराम द्यायचे. सहकारी बँका आणि पतसंस्था यांच्या वार्षिक अहवालांत तक्त्याच्या डोक्यावर ‘रक्कम लाखांत’ असे लिहिलेले असते आणि खाली ठेवींसमोर ४५२.३७ असा आकडा दिसतो. टिंबाच्या जागी स्वल्पविराम आणि पुढे पाच अंक: आधी ४५२,३७,०००, मग डाव्या भागाची मांडणी नीट केली की ४,५२,३७,०००. चार कोटी, बावन्न लाख, सदतीस हजार. मोठ्या कंपन्यांनाही ताळेबंद असा गोळा करूनच मांडावा लागतो, असे कंपनी कायद्याची तिसरी अनुसूची सांगते. एकूण उत्पन्न १०० कोटींहून कमी असेल तर शेकडा, हजार, लाख किंवा दशलक्षांत. १०० कोटी किंवा अधिक असेल तर लाख, दशलक्ष किंवा कोटींत. मात्र एकदा निवडलेले एकक सगळ्या आर्थिक विवरणांत तेच ठेवावे लागते. म्हणून अहवाल वाचताना आधी तक्त्याच्या डोक्यावरची ती बारीक ओळ वाचावी. ती निसटली, तर पुढचा प्रत्येक आकडा चुकीचा वाचला जातो.

आता सुरुवातीच्या गोंधळाकडे वळू. १.५ मध्ये टिंबापुढे एकच अंक आहे. जोडी पूर्ण करायला शून्य उजवीकडे लावायचे असते: १.५० कोटी, म्हणजे एक कोटी पन्नास लाख. पण बोलण्याच्या सवयीने अनेक जण ते मनात डावीकडे लावतात आणि १.५ म्हणजे एक कोटी पाच लाख समजतात. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. टिंब असूनही दशांश नसलेले आकडे आपण रोज पाहतो. क्रिकेटमध्ये ४.३ षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू. तिथे टिंब फक्त दोन मापे वेगळी करते, आणि षटकात सहाच चेंडू असल्यामुळे धावफलकावर ४.६ षटके असे लिहिले जात नाही. कोटीच्या टिंबापुढे मात्र खरा दशांश असतो. तो दोन अंकी लिहिला की षटकांसारखाच वाचता येतो, ‘इतके कोटी, इतके लाख’ असा. एक अंकी लिहिला की ते वाचन फसते. संकट येते ते इथे.

संगणकावरची तक्ते करायची साधने हा गोंधळ वाढवतात. एखाद्याने किंमत नीट १.१० अशी टाकली, एक कोटी दहा लाख म्हणून. साधन तिला संख्या समजते, शेवटचे शून्य निरर्थक मानते आणि १.१ असे दाखवते. आठवड्याने घरातला दुसरा माणूस तोच तक्ता उघडतो आणि एक कोटी एक लाख असे वाचतो. गणिताच्या दृष्टीने दोन्ही आकडे एकच आहेत, पण वाचणाऱ्याच्या नजरेत नऊ लाख नाहीसे झाले. तक्ता करताना त्या स्तंभाला दोन दशांश स्थळे ठरवून दिली, तर १.१० हे १.१० असेच राहते.

कानाची परीक्षा मराठीत सोपी आहे. १.२५ म्हणजे सव्वा, १.५० म्हणजे दीड, १.७५ म्हणजे पावणेदोन, २.५० म्हणजे अडीच. समोरचा माणूस ‘एक पॉइंट पाच कोटी’ म्हणाला, की लगेच विचारावे, “म्हणजे दीड कोटी ना?” तो ‘हो’ म्हणाला तर प्रश्न मिटला. “नाही, एक कोटी पाच लाख,” असे म्हणाला तर एका वाक्यात ४५ लाखांचा उलगडा झाला. दलालाशी किंवा बँकेतल्या माणसाशी फोनवर बोलताना मी तरी पॉइंट हा शब्द टाळावा, असेच सांगेन. कोटी आणि लाख वेगवेगळे उच्चारले, की चूक व्हायला जागाच राहत नाही.

ही सगळी माहिती एका खऱ्या कामात कशी लागते, ते पाहू. घर शोधणाऱ्या कुटुंबाने पाच ठिकाणच्या किमती जशा मिळाल्या तशा तक्त्यात उतरवल्या आहेत असे समजा: `98L`, `1.05 Cr`, `1.1 Cr`, `102.5 L` आणि `0.96 Cr`. प्रत्येक विकासक आपापल्या सोयीने लिहितो. कुणाला कोटीचा आकडा दाखवायचा नसतो म्हणून तो १०२.५ लाख लिहितो, तर कुणाला ‘शून्य पॉइंट’ लिहिल्याने किंमत कमी भासते असे वाटते. आता हा स्तंभ चढत्या क्रमाने लावा म्हटले, तर साधनाला हे आकडे नसून मजकूर दिसतो आणि ते अक्षराअक्षराने क्रम लावते. ९ या अंकाने सुरू होणारे `98L` सर्वांत शेवटी, सगळ्यांत महाग घराच्या जागी जाऊन बसते. अक्षरे पुसून नुसते आकडे ठेवले, तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण मग १०२.५ आणि १.०५ यांची तुलना होते, आणि त्यांची एकके वेगळी होती याची खूणही पुसली जाते.

पूर्ण रुपये मांडल्यावर क्रम असा लागतो: ९६,००,०००, ९८,००,०००, १,०२,५०,०००, १,०५,००,०००, १,१०,००,०००. शेवटी गेलेले घर प्रत्यक्षात दुसऱ्या क्रमांकाचे स्वस्त निघाले.

हे काम तक्त्यात करायचे असेल, तर संख्या आणि एकक एकाच चौकटीत ठेवू नयेत. A स्तंभात फक्त संख्या, B स्तंभात `Cr`, `L` किंवा `k`, आणि C स्तंभात हे सूत्र:

```
=ROUND(A2*IF(B2="Cr",10000000,IF(B2="L",100000,IF(B2="k",1000,NA()))),0)
```

शेवटचे `NA()` मुद्दाम ठेवले आहे. एकक लिहायचे राहिले किंवा कुणी ‘लाख’ असे देवनागरीत लिहिले, तर सूत्राने अंदाज बांधू नये, `#N/A` दाखवून थांबावे. एकक नसलेली संख्या रुपये समजून पुढे जाणारे सूत्र फार घातक. ९८ लाखांच्या घराची किंमत ते ९८ रुपये ठरवते आणि सरासरी गुपचूप बिघडवते.

किमतीवर आणखी रकमा चढतात. १.०५ कोटींच्या घराला पार्किंगचे `4.5L` आणि सोसायटीची अनामत `75k` लागते असे धरू. आखडलेल्या आकड्यांची बेरीज तोंडी करू पाहणारा इथे हमखास अडखळतो, कारण १.०५, ४.५ आणि ७५ यांच्यातला सर्वांत छोटा आकडा सर्वांत मोठी रक्कम दाखवतो. आधी विस्तार, मग बेरीज: १,०५,००,००० अधिक ४,५०,००० अधिक ७५,०००, एकूण १,१०,२५,०००. हाच आकडा परत कोटीत लिहायचा तर १.१०२५. जाहिरातदार त्याला ‘१.१ कोटी’ म्हणेल, आणि २५ हजार रुपये त्या टिंबापुढे नाहीसे होतील.

टक्केवारी काढताना मात्र आखडलेला आकडाच उपयोगी पडतो. कोटीचा एक टक्का म्हणजे लाख, आणि लाखाचा एक टक्का म्हणजे हजार. शेतजमीन वगळता ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मालमत्ता घेताना खरेदीदाराने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. १.०५ कोटींवर तो १.०५ लाख, म्हणजे १,०५,००० रुपये. अंक तेच, फक्त कोटीच्या जागी लाख. तुमच्या हिशेबात तो दीड लाख आला असेल, तर किंमत लिहितानाच कुठेतरी शून्य गळले आहे, हे लगेच कळते.

आता विस्ताराची मर्यादा. शून्ये भरून आपण संख्या लांब करतो, पण जी माहिती लिहिणाऱ्याने आधीच टाकून दिली, ती परत आणू शकत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ इतकी होती. लेखांत आणि भाषणांत ती ‘११.२४ कोटी’ अशी येते, आणि ते योग्यच आहे. पण तो आकडा उलगडून कुणी ११,२४,००,००० असा तक्त्यात भरला, तर खऱ्या संख्येपेक्षा तो २५,६६७ ने जास्त होतो. शेवटची पाच शून्ये मोजणीतून आलेली नाहीत. ती आपण लिहिली आहेत.

किती फरक पडू शकतो, हे टिंबापुढच्या अंकांवरून सांगता येते. जवळच्या आकड्याला गोळा करून कुणी ‘१.०५ कोटी’ लिहिले असेल, तर मूळ रक्कम १,०४,५०,००० पासून १,०५,४९,९९९ पर्यंत काहीही असू शकते. म्हणजे मागे किंवा पुढे पन्नास हजार. ‘१.१ कोटी’ हे खरोखर एकाच दशांशाला गोळा केलेले असेल, तर मूळ रक्कम १,०५,००,००० ते १,१४,९९,९९९ यांच्यात कुठेही असेल. दहा लाखांची फट. म्हणून १.१ आणि १.१० हे आकडे गणितात सारखे असले, तरी लिहिणाऱ्याने दुसऱ्यात जास्त काहीतरी सांगितलेले असते. ‘०.५ कोटी’ म्हणून सांगितलेले घर प्रत्यक्षात ४९,८०,०००चे आहे की ५०,२०,०००चे, हे त्या आकड्यातून कळत नाही, आणि टीडीएसची सीमा नेमकी त्या दोहोंच्या मध्ये पडते. अशा वेळी विस्तार करत बसण्यात अर्थ नाही. मूळ दरपत्रक मागावे.

गोळा करण्याची रीतही सगळीकडे एक नाही. वर्तमानपत्रे साधारणपणे जवळच्या आकड्याला नेतात. यूट्यूब मात्र सदस्यसंख्या दाखवताना पहिले तीन अंक ठेवते आणि पुढचे कापून टाकते. तिथे `12.3K` दिसले तर खरी संख्या १२,३०० ते १२,३९९ यांच्यात असते. तोच आकडा वर्तमानपत्राने गोळा केला असता, तर तो १२,२५० ते १२,३४९ यांच्यातला धरावा लागला असता. आकडा एकच असून अर्थ दोन निघतात. कापलेल्या आकड्यांची बेरीज केली, तर ती खऱ्या बेरजेहून जास्त कधीच येत नाही, बहुधा कमीच येते.

सरकारी आकड्यांत लाख आणि कोटी एकत्र येतात. केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात एकूण खर्चाचा अंदाज ५०,६५,३४५ कोटी रुपये होता आणि बातम्यांत तो ‘५०.६५ लाख कोटी’ असा आला. इथे दोन पायऱ्यांनी जायचे. आधी कोटी हा शब्द तसाच ठेवून फक्त लाख उलगडायचा: ५०,६५,००० कोटी. बहुतेक वाचकांना इथेच थांबता येते, आणि खरे तर थांबावेच, कारण पुढची सात शून्ये लिहून समजूत वाढत नाही. पण पहिल्याच पायरीवर दिसते, की दोन दशांशांत बसवताना ३४५ कोटी रुपये गळून गेले. एखाद्या योजनेची तरतूद त्या रकमेशी ताडून पाहायची असेल, तर बातमीतला आकडा पुरणार नाही. अर्थसंकल्पाचा कागद उघडावा लागेल.

टिंबाच्या जागी स्वल्पविराम हा नियम कुठे चालत नाही, हेही माहीत हवे. मिलियन म्हणजे दशलक्ष, त्यावर सहा शून्ये. पण आपल्या मांडणीत दशलक्षाच्या सीमेवर स्वल्पविराम नसतो. १.२५ मिलियनचे पूर्ण रूप १२,५०,०००, आणि मुळातले टिंब १ आणि २ यांच्या मध्ये, एका गटाच्या पोटात पडते. परदेशी बातम्या वाचताना किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाशी घराच्या किमतीबद्दल बोलताना आपली जास्तीत जास्त फसगत होते ती याच ठिकाणी. १.२५ पाहिल्याबरोबर हात सवयीने पाच किंवा सात शून्यांकडे जातो. इथे टिंब एक घर उजवीकडे सरकवून लाख म्हणायचे: १.२५ मिलियन म्हणजे १२.५ लाख. पुढे नेहमीची रीत लागू होते. बिलियनला, म्हणजे अब्जाला, टिंब दोन घरे सरकवून कोटी म्हणायचे: १.२ अब्ज म्हणजे १२० कोटी. ट्रिलियन तर लाख कोटीच आहे, तिथे काहीच सरकवावे लागत नाही.

किमतींच्या पल्ल्यात एककाची वेगळीच अडचण येते. ‘९५ ते १.१० कोटी’ असे लिहिलेले माणसाला कळते: ९५ लाख ते एक कोटी दहा लाख. पण हे आंधळेपणाने उलगडले, तर पहिला आकडा ९५ कोटी होतो. अशा नोंदींचे खालची आणि वरची किंमत असे दोन स्तंभ करावेत आणि प्रत्येकाला स्वतःचे एकक द्यावे. विस्तार झाल्यावर सगळा स्तंभ एकदा चढत्या क्रमाने लावून दोन्ही टोके पाहावीत. चूक झाली असेल, तर ती बहुधा शंभरपट किंवा हजारपट असते आणि टोकालाच सापडते. अंक मोजण्याची पडताळणीही चांगली. टिंबाच्या डावीकडे एकच अंक असेल, आणि तो शून्य नसेल, तर लाखाची पूर्ण संख्या सहा अंकी आणि कोटीची आठ अंकी यायला हवी. १.०५ कोटी उलगडून सात अंक आले, तर एक शून्य हरवले आहे.

संगणकाची एक चूक मात्र अशी टोकाला सापडत नाही, कारण ती एका रुपयाची असते. संगणक ४.३५ ही संख्या आतून दशमानात ठेवत नाही, द्विमानात ठेवतो, आणि द्विमानात तिचा शेवट होत नाही. म्हणून तो ४.३५ च्या अगदी जवळची, पण किंचित कमी संख्या साठवतो. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण गुणाकारानंतर कुणी अपूर्णांक नुसता कापून टाकला, तर पायथनमध्ये असे उत्तर मिळते:

```
int(4.35 * 100000)    # 434999
round(4.35 * 100000)  # 435000
```

४.३५ लाखांचे ४,३४,९९९ झाले. वर दिलेल्या सूत्रात `ROUND` होते ते यासाठी. कापायचे नाही, जवळच्या रुपयाला न्यायचे. एखाद्या यादीत ९९९ ने संपणाऱ्या रकमा अचानक दिसू लागल्या, तर कुठेतरी कोणीतरी कापाकापी केली आहे असे समजावे. या लेखातली टिंबाच्या जागी स्वल्पविराम देण्याची रीत संगणकालाही शिकवता येते: संख्येला मजकूर समजून टिंबापुढचे अंक मोजायचे आणि शून्ये जोडायची. त्यात गुणाकारच होत नाही, त्यामुळे हा एक रुपयाही चुकत नाही.

उरतो तो सहीचा कागद. धनादेशावर अंक आणि अक्षरे वेगळी पडली, तर अक्षरी लिहिलेली रक्कम देय मानावी, असे १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे १८वे कलम सांगते. याचा अर्थ, रक्कम शब्दांत लिहिणे हीच तुमची खरी राखण आहे, कारण शब्दांत टिंब नसते. ‘एक कोटी पाच लाख रुपये फक्त’ हे कुणालाही दीड कोटी म्हणून वाचता येणार नाही. म्हणून घराचे इसारपत्र असो, कर्जाचा अर्ज असो की सोसायटीच्या सभेचा ठराव असो, सही करण्याआधी त्यात टिंबाची एकही रक्कम राहू देऊ नका. समोरच्याकडून ती पूर्ण रुपयांत, अंकी आणि अक्षरी, दोन्ही प्रकारे लिहून घ्या. आणि स्वतः कुणाला आखडून रक्कम कळवणार असाल, तर टिंबापुढे नेहमी दोन अंक लिहा: १.५ नव्हे, १.५०.